१०० गुणांची फाउंड्री आणि १२ दिवस थांबलेली लाइन

भोसरीतल्या एका पंप कारखान्यात मी स्टोअर्स आणि प्लॅनिंग बघतो. गेल्या वर्षी आमच्या सर्वात जास्त खपणाऱ्या मोनोब्लॉक पंपाची असेंब्ली १२ दिवस बंद पडली, तीही मुख्य केसिंगच्या कास्टिंगसाठी. ते कास्टिंग पुरवणाऱ्या फाउंड्रीला आमच्या स्कोअरकार्डवर वेळेच्या रकान्यात १०० पैकी १०० गुण होते. पुरवठादारांच्या मेळाव्यात द्यायची ट्रॉफीसुद्धा कोरून झाली होती. त्याच पंपाचा मोटर ब्रॅकेट पुरवणाऱ्या दुसऱ्या फाउंड्रीचे गुण होते ८. तिच्यासाठी लाइन वर्षभरात एकदाही थांबली नाही.

हे असं कसं झालं आणि त्यातून सेफ्टी स्टॉकचे, म्हणजे उशीर किंवा वाढीव मागणी सांभाळायला राखून ठेवायच्या मालाचे आकडे कसे बदलले, ते इथे लिहितो. फाउंड्र्यांची नावं देत नाही. एक कोल्हापूरजवळची, दुसरी बेळगावची, एवढं पुरे. आकडे हिशेब डोक्यात राहावा म्हणून गोल केले आहेत.

केसिंग म्हणजे पंपाचं पोट. एफजी २६० ग्रेडचं बीड, एका नगाचं वजन साधारण २० किलो, दर २,२०० रुपये. आम्ही एका वेळी ५०० नगांची ऑर्डर देतो, कारण १० टन म्हणजे एक ट्रक भरतो. त्या मॉडेलचे दिवसाला सरासरी २० पंप जातात, म्हणजे एक लॉट २५ कामाचे दिवस पुरतो. वर्षाला १२ लॉट होतात. ब्रॅकेटचंही तेच गणित, कारण एका पंपाला एक केसिंग आणि एक ब्रॅकेट. मागणी तीच आणि नगही तेवढेच असल्यामुळे दोन पुरवठादारांची तुलना इतकी स्वच्छ करता आली. एरवी असा योग येत नाही.

स्कोअरकार्ड परचेसने बनवलं होतं. वेळेत आलेले लॉट भागिले एकूण लॉट, गुणिले १००. त्यावरून ए, बी, सी अशी श्रेणी. आणि श्रेणीवरून माझा सेफ्टी स्टॉक: ए श्रेणीला ३ दिवसांचा, बीला ६, सीला १०. हा नियम कोणी घातला ते आज कोणालाच आठवत नाही, पण तो दिसायला इतका शहाणा होता की कोणी शंकाही घेतली नाही. चांगल्या पुरवठादाराचा माल कमी ठेवा, वाईटाचा जास्त. त्यानुसार केसिंगचे ६० नग आणि ब्रॅकेटचे २०० नग सेफ्टी स्टॉक म्हणून ईआरपीत, म्हणजे ऑर्डरी आणि साठा सांभाळणाऱ्या आमच्या सॉफ्टवेअरमध्ये बसले होते.

लाइन थांबली त्या दिवसाची गोष्ट अशी. कोल्हापूरचा ट्रक १७व्या दिवशी आला. ठरलेले दिवस १८. जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद झाली, स्कोअरकार्डला टिक लागली. फाउंड्री ए श्रेणीची असल्यामुळे आवक तपासणी माफ होती आणि माल गेटवरून थेट रॅकवर गेला. जुने ८० नग शिल्लक होते, ते आधी संपवायचे म्हणून नव्या लॉटला चार दिवस हात लागला नाही. २१व्या दिवशी पहिले नग मशीनवर चढले, हायड्रो टेस्टला गेले, आणि पाण्याच्या दाबाखाली एकामागून एक गळायला लागले. ब्लोहोल. कातडीखाली दडलेली भोकं मशीनिंगमध्ये उघडी पडतात, कच्च्या कास्टिंगवर बाहेरून काही दिसत नाही. सगळा लॉट परत गेला. फाउंड्रीने बाकीची कामं बाजूला ठेवून १२ दिवसांत नवा लॉट ओतून दिला. म्हणजे ऑर्डर दिल्यापासून वापरण्याजोगा माल हातात यायला ३३ दिवस लागले. स्कोअरकार्डवर मात्र हा लॉट १७ दिवसांचा आणि वेळेतला. रिजेक्शनची नोंद क्वालिटीच्या वेगळ्या रकान्यात झाली आणि वेळेच्या गुणांना तिचा धक्काही लागला नाही.

त्यानंतर मी दोन्ही फाउंड्र्यांचे वर्षभराचे १२-१२ लॉट कागदावर काढले. ईआरपीतला तयार रिपोर्ट घेतला नाही. पहिल्या ऑर्डरची तारीख, गेट एंट्रीच्या रजिस्टरातली तारीख आणि क्वालिटीने ओके शिक्का मारलेली तारीख, अशा तीन तारखा हाताने गोळा केल्या. दीड दिवस गेला. त्या दीड दिवसात जे कळलं ते स्कोअरकार्डने तीन वर्षांत सांगितलं नव्हतं.

कोल्हापूरच्या एका लॉटला २९ दिवस लागले होते, तरी तोही स्कोअरकार्डवर वेळेत. ऑर्डरच्या बदलांचा इतिहास उघडला तेव्हा उलगडा झाला. दिवाळीच्या आधी फाउंड्रीच्या माणसाने आमच्या बायरला फोन केला होता, ‘साहेब, पोरं गावाला निघाली, जरा तारीख पुढं घ्या.’ बायरने ईआरपीत तारीख पुढे केली. रिपोर्ट माल येण्याची तारीख ताडून बघतो ती या शेवटच्या, बदललेल्या तारखेशी. मूळ तारीख पुसली गेली की उशीरही पुसला जातो. बायरची यात लबाडी नव्हती. तारीख बदलली नाही तर रोज सकाळी त्याच्या स्क्रीनवर लाल ओळ येते आणि वरून विचारणा होते.

बेळगावच्या मालकांना फोन करून तारीख पुढे मागायची सवय नाही. आपण केला तरी दोनदा रिंग गेल्याशिवाय ते उचलत नाहीत. त्यांची तारीख कोणी बदलली नाही, म्हणून त्यांचा प्रत्येक उशीर जसाच्या तसा नोंदला गेला. आमचं स्कोअरकार्ड बऱ्याच अंशी फोन कोण करतो ते मोजत होतं.

आता आकडे. ऑर्डरपासून वापरण्याजोगा माल हातात येईपर्यंतचे कामाचे दिवस:

कोल्हापूर, ठरलेले १८: १७, १८, १६, १८, १७, १८, २९, १७, १८, १६, ३३, १७.

बेळगाव, ठरलेले १५: २०, २१, १९, २०, २२, २०, २१, १९, १५, २०, २१, २२.

हे दिवस मोजताना एक बारीक गोष्ट. भोसरीत साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. एक्सेलचं साधं सूत्र शनिवार-रविवार वगळतं, आणि पहिला व शेवटचा असे दोन्ही दिवस मोजतं. म्हणून हे असं लिहावं लागतं:

```
=NETWORKDAYS.INTL(A2, C2, 15, Holidays) - 1
```

`A2` ही ऑर्डरची तारीख, `C2` ओके शिक्क्याची. यातला `15` म्हणजे फक्त गुरुवार सुट्टी. `Holidays` ही आपली सुट्ट्यांची यादी. माझी मागणी कामाच्या दिवसांत मोजलेली असताना लीड टाइम, म्हणजे ऑर्डरपासून माल हातात येईपर्यंतचा वेळ, कॅलेंडरच्या दिवसांत धरला, तर पुढचा सगळा हिशेब साधारण सहाव्या-सातव्या हिश्शाने फुगतो. ही चूक मी स्वतः दोन वर्षं केली आहे.

बेळगावची ओळ पुन्हा बघा. १५ दिवसांचा वायदा एकदाच पाळला. पण ती एक नोंद सोडली तर सगळे आकडे १९ ते २२ मध्ये. हा पुरवठादार दर वेळी पाच दिवस उशिरा येतो, आणि दर वेळी साधारण तेवढाच उशिरा येतो. घड्याळ पाच मिनिटं मागे असेल आणि रोज तेवढंच मागे असेल, तर त्या घड्याळावर गाडी पकडता येते. कोल्हापूरचं घड्याळ दहा वेळा अचूक आणि दोन वेळा बंद.

सरासरी उशीर आणि उशिराची चंचलता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सेफ्टी स्टॉक दुसऱ्या गोष्टीसाठी असतो. पहिली गोष्ट ईआरपीतला लीड टाइम दुरुस्त करून संपते. ‘वेळेत किती टक्के’ हा आकडा या दोन्हींची खिचडी करतो, त्यामुळे पुरवठादाराला खडसावायला तो ठीक आहे, पण त्यावरून माल किती ठेवायचा ते ठरवता येत नाही.

चंचलता मोजायला प्रमाण विचलन घेतलं, म्हणजे सरासरीपासून आकडे साधारण किती दिवस इकडे-तिकडे पडतात ते. कोल्हापूरची सरासरी १९.५ दिवस आणि प्रमाण विचलन ५.५. बेळगावची सरासरी २० आणि प्रमाण विचलन १.९. आमची रोजची मागणी सरासरी २०, तिचं विचलन ६ नग. सेफ्टी स्टॉकचं नेहमीचं सूत्र असं:

```
SS = z * SQRT( L*sd_d^2 + d^2*sd_L^2 )
```

`L` म्हणजे सरासरी लीड टाइम, `d` रोजची मागणी, `sd_d` मागणीचं विचलन, `sd_L` लीड टाइमचं विचलन. `z` आम्ही १.६५ धरतो. त्याचा अर्थ, ऑर्डरच्या २० फेऱ्यांपैकी १९ फेऱ्यांत माल कमी पडू नये. वर्षाला १२ फेऱ्या असतील तर दोन वर्षांत एखादवेळ कमी पडणार, हे त्यात मान्य केलेलं असतं. ‘९५ टक्के’ ऐकून साहेब लोकांना वाटतं की १०० पैकी ९५ पंप वेळेवर जातील. तसा त्याचा अर्थ नाही.

कंसातले दोन भाग वेगवेगळे काढून बघितले की गंमत कळते. कोल्हापूरसाठी मागणीच्या चढ-उताराचा भाग येतो ७०२ आणि लीड टाइमच्या चढ-उताराचा सुमारे १२,०००. विक्री विभागाचा अंदाज चुकतो म्हणून आम्ही वर्षानुवर्षं त्यांच्याशी भांडत होतो, आणि इथे त्यांचा वाटा जेमतेम साडेपाच टक्के निघाला. मूळ काढून १.६५ने गुणलं की केसिंगचा सेफ्टी स्टॉक १८६ नग. बेळगावचं तेच केलं की ७६ नग.

म्हणजे आम्ही ६० ठेवत होतो तिथे सूत्र १८६ मागत होतं, आणि २०० ठेवत होतो तिथे ७६ पुरत होते. श्रेणीचा नियम नेमका उलटा चालला होता.

इथे आमच्या फायनान्सच्या साहेबांचे डोळे चमकले. ‘मग ब्रॅकेटचे १२४ नग आजच कमी करा की.’ ते केलं असतं तर बेळगावसाठीही लाइन थांबली असती. कारण बघू.

ईआरपी ऑर्डर कधी द्यायची ते ठरवतं लीड टाइममधली मागणी अधिक सेफ्टी स्टॉक या पातळीवरून. ब्रॅकेटचा लीड टाइम तिथे १५ लिहिलेला. १५ गुणिले २० म्हणजे ३००, अधिक २००, मिळून ५०० नगांवर ऑर्डर सुटते. प्रत्यक्षात माल २० दिवसांनी येतो, तोवर ४०० नग जातात. म्हणजे खरा राखीव साठा १००च होता. बाकीचे १०० नग सेफ्टी स्टॉकच्या नावाखाली पाच दिवसांचा नेहमीचा उशीर भरून काढत होते. दोन चुका एकमेकींना सांभाळून घेत होत्या. लीड टाइम १५ तसाच ठेवून सेफ्टी स्टॉक ७६ केला असता, तर ३७६ वर ऑर्डर सुटली असती आणि दर फेरीत २४ नग कमी पडले असते. चंचलतेचा प्रश्नच नाही, अगदी सरासरी फेरीतसुद्धा. दोन्ही एकदम बदलले की पातळी येते ४७६. जुन्या ५०० पेक्षा फक्त २४ नग कमी. साहेबांची बचत १२४ वरून २४ वर आली आणि चेहराही त्या प्रमाणात उतरला.

केसिंगचं उलटं होतं. १८ गुणिले २० अधिक ६०, म्हणजे ४२० वर ऑर्डर सुटायची. सरासरी १९.५ दिवसांत ३९० नग जातात. खरा राखीव साठा ३० नग, दीड दिवसाचा. कागदावर तीन दिवस दिसत होते.

हे कळल्यावर मी बेळगावला गेलो. वायदा १५ दिवसांचा कुठून आला ते विचारलं. मालक म्हणाले, ‘तुमच्या परचेसवाल्यानं लिहून घेतलं. मी तेव्हाच वीस म्हटलो होतो. ते म्हणाले, पंधरा लिहितो, नाहीतर ऑर्डर दुसरीकडं जाईल. मग लिहा म्हटलो.’ आणि मग हळूच, ‘तुमचं इन्स्पेक्शन दोन दिवस घेतंय, तेबी बघा.’ ते खरं निघालं. सी श्रेणी असल्यामुळे त्यांचा प्रत्येक लॉट तपासणीला रांगेत उभा राहायचा. माल गेटवर सरासरी १८व्या दिवशी येत होता. पाच दिवसांच्या उशिरातले दोन आमचे होते.

म्हणून नव्या तक्त्यात आम्ही दोन घड्याळं ठेवली. ऑर्डर ते गेट हे पुरवठादाराचं. ऑर्डर ते ओके शिक्का हे साठ्याचं. पुरवठादाराला जाब विचारायचा तो पहिल्यावर, कारण आमच्या तपासणीच्या रांगेचा दोष त्याच्या माथी मारणं बरं नव्हे. साठा ठरवायचा तो दुसऱ्यावर, कारण उशीर कोणाचा याच्याशी असेंब्लीला काही देणंघेणं नसतं. आणि दोन्ही ताडायची ती पहिल्या तारखेशी. बदललेल्या तारखा स्क्रीनवर दिसू देत, पण किती वेळा बदलल्या याचा वेगळा रकाना.

आता राहिला १८६चा प्रश्न. सूत्राने दिला म्हणून तो ठेवायचा का?

मी आकडे एका रेषेवर मांडून बघितले. कोल्हापूरचे दहा ठिपके १६ ते १८ मध्ये दाटीने बसलेले, मग ११ दिवसांची मोकळी जागा, मग २९ आणि ३३. हे सूत्र मनाशी एक टेकडी धरून चालतं, मधे उंच आणि दोन्हीकडे उतरत गेलेली. इथे टेकडी नव्हतीच. एक ढीग होता आणि लांब पडलेले दोन दगड. अशा वेळी सूत्र मधला कुठलातरी आकडा देतं, जो ढिगाला जास्त होतो आणि दगडांना कमी पडतो. १८६ धरले तर ऑर्डर ५७६ वर सुटते. नेहमीच्या १७ दिवसांत ३४० जातात आणि २३६ नग रॅकवर बसून राहतात. आणि ३३ दिवस लागले तर ६६० लागणार, म्हणजे तरीही ८४ नग कमी, चार दिवस लाइन बंद. पैसे अडकवून वर फटकाही खायचा.

रेषा न काढताही याची चाहूल लागू शकते. सरासरी आणि मध्यक, म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, शेजारी शेजारी लिहायचे. बेळगावचे दोन्ही २०. कोल्हापूरची सरासरी १९.५ आणि मध्यक १७.५. एवढं अंतर पडलं की सूत्राला हात लावण्याआधी एकेका लॉटची कहाणी शोधायला बसावं. शिवाय १२ नोंदींवरचं विचलन फार हलकं असतं. नुसती ३३ची नोंद काढली तर ५.५चं ३.६ होतं. एका लॉटने एवढा हलणारा आकडा दशांशापर्यंत खरा मानून त्यावर चारेक लाख रुपये ठेवणं मला पटलं नाही.

दोन दगडांच्या कहाण्या वेगळ्या होत्या, म्हणून उपायही वेगळे निघाले.

२९ दिवसांचा लॉट दिवाळीचा. फेटलिंग आणि मोल्डिंगची बरीच पोरं बिहार-उत्तर प्रदेशकडची. ती दिवाळीच्या आधी निघतात आणि छठ झाल्यावर परततात. हे दरवर्षी होतं. जे कॅलेंडरवर आधीच दिसतं त्याला अनिश्चितता म्हणत नाहीत, आणि त्यासाठी वर्षभर साठा बाळगायचं कारण नाही. त्या एका फेरीची ऑर्डर १२ कामाचे दिवस आधी द्यायची, एवढंच. आता प्लॅनिंगच्या फाइलला चिठ्ठी लावली आहे: दसऱ्याची पूजा होण्याआधी केसिंगची ऑर्डर फाउंड्रीच्या हातात. काही आठवडे जास्त माल पडून राहतो आणि डिसेंबरात संपतो.

३३ दिवसांचा लॉट रिजेक्शनचा, आणि तो खरा कठीण. तो कधी येईल सांगता येत नाही. पूर्ण लॉट नव्याने ओतेपर्यंतचा माल ठेवायचा म्हटलं तर नेहमीच्या १७ दिवसांवर आणखी १६ दिवस, म्हणजे ३२० नग, सात लाख रुपये. वर्षातून एखाद्या वेळेसाठी. त्यापेक्षा तो उशीर कशाचा बनला आहे ते सुटं करून बघितलं. चार दिवस लॉट आमच्याच रॅकवर पडून होता, दोष कळायच्या आधी. आणि सगळे ५०० नग एकदम आल्यामुळे एकदम गेले.

पहिल्यासाठी ठरलं की ओतलेल्या मालातले पाच नग फाउंड्रीनेच शेजारच्या मशीन शॉपमध्ये करून घ्यायचे, दाबाची टेस्ट द्यायची आणि मग ट्रक भरायचा. दोष असेल तर तो १५व्या दिवशी कोल्हापुरात कळेल. २१व्या दिवशी भोसरीत कळून उपयोग नाही. पाच नग पास झाले म्हणून लॉट निर्दोष ठरत नाही, पण आमचा तो लॉट एकामागून एक गळत होता. तशी घाऊक खराबी पाच नगांत सापडते. तुरळक खराबी सापडत नाही, पण तिने लाइनही थांबत नाही.

दुसऱ्यासाठी ऑर्डर दोन हप्त्यांत केली. २५० नग १७व्या दिवशी, २५० त्यानंतर पाच कामाच्या दिवसांनी, वेगळ्या दिवशी ओतलेले. ट्रक अर्धा येतो म्हणून भाडं वाढलं, त्यावर परचेस अजून कुरकुरतं. पण पहिला हप्ता नापास झाला तरी दुसरा २२व्या दिवशी येतो आणि १२ दिवस ढकलतो, तोवर पहिल्याच्या बदलीचा माल येतो. वाळूत ओल जास्त असेल तर दोन्ही हप्ते खराब होऊ शकतात, हे मान्य आहे. त्यासाठी साठा ठेवलेला नाही.

सेफ्टी स्टॉकचा आकडा मग यातून निघाला. नेहमीच्या दहा लॉटची सरासरी १७.२ आणि विचलन ०.८. त्यावर सूत्र लावलं की ४९ नग येतात. पण पहिला हप्ता पडला तर दुसऱ्यापर्यंतचे पाच दिवस काढायचे, म्हणजे १०० नग. दोन्हींत मोठा तो घेतला, १००. ऑर्डर ४४४ वर सुटते, म्हणजे सुमारे २२ दिवसांचा माल. सूत्राच्या ५७६ पेक्षा १३२ नग कमी, २ लाख ९० हजार रुपयांचे. मात्र आधीच्या खऱ्या ३० नगांपेक्षा ७० जास्त, म्हणजे दीड लाख वाढले. फायनान्सच्या साहेबांना मी दोन्ही आकडे दाखवले. त्यांनी दुसरा लक्षात ठेवला.

ए श्रेणीला तपासणी माफ, हा नियमही काढला. वेळेचे गुण बघून क्वालिटीची सवलत द्यायची, यात तर्क कुठे होता कोण जाणे. ज्याचा माल तपासत नाही त्याचा दोष सापडत नाही, म्हणून त्याची श्रेणी चढती राहते, म्हणून त्याचा साठा कमी ठेवला जातो. एका फुगवलेल्या आकड्याने तीन ठिकाणी नुकसान केलं होतं.

बेळगावचा लीड टाइम ईआरपीत २० केला तेव्हा परचेसने एक रास्त शंका काढली. २० लिहिलं की ते २५ दिवस लावतील. ही भीती पोकळ नाही. वायदा सैल केला की काम शेवटच्या दिवसापर्यंत पसरतं. तिकडे ऑर्डरी लवकर साठतात, रांग लांबते आणि खरा लीड टाइमही वाढतो. म्हणून २०च्या पुढे जायचं नाही असं ठरलं आणि दर तीन लॉटला सरासरी बघायची. आतापर्यंत ती १९ ते २० मध्ये आहे. यात आमच्या तपासणीची रांग दोनाऐवजी एका दिवसावर आल्याचा वाटा आहेच. मालकांनी मात्र लगेच विचारलं, ‘आता वीस लिहिलंय तर मागचे मार्क बदलतील का?’ मागच्या वर्षाचे १२ लॉट ओके शिक्क्याच्या तारखेने २० दिवसांवर ताडले तर ८ टक्क्यांचे ५८ होतात. माणूस तोच, माल तोच, ट्रकही तेच.

नव्या पद्धतीत कोल्हापूरचे आठ लॉट झाले. सातव्याचा पहिला हप्ता फाउंड्रीतच टेस्टला गळला. १५व्या दिवशी तिकडून फोन आला, आणि या वेळी बायरने तारीख बदलली नाही. दुसरा हप्ता २२ऐवजी २३व्या दिवशी पोहोचला. लाइन थांबली नाही, रॅकवर ३० केसिंग उरल्या होत्या. पण त्या उरल्या कारण त्या दिवसांत मागणी रोज १८चीच होती. २०ची असती तर १६ नग कमी पडले असते. सध्या आकडा १२० केला आहे.